निरोगी नमुना क-१७

दगड निघाला. मोहरीएवढा होता, तपकिरी. डॉक्टरांनी तो छोट्या बाटलीत घालून माझ्या हातात दिला, जणू शाळेत तिसरा नंबर आल्याचं बक्षीस.

आता हे तुम्ही वाचलेलंच नाही. दगड कुठला, डॉक्टर कोण, बाटली कसली, मला काही माहीत नाही. मी सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता लॅबच्या संडासात कमोडच्या झाकणावर बसलोय, हात गुडघ्यांमध्ये घालून, आणि माझ्या आत नेमकं काय बिघडलंय हे जगात कोणालाही ठाऊक नाही.

मी वीर्य तपासणाऱ्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. वडील नातेवाइकांना सांगतात, "मुलगा मोजणीत आहे." नातेवाइकांना जमिनीची मोजणी वाटते, ते आदराने मान हलवतात. रोज चार-पाच डब्या माझ्या हाताखालून जातात. एकूण किती, जिवंत किती, पळणारे किती, जागच्या जागी गिरक्या घेणारे किती. हजारो पुरुषांची गुपितं मला आकड्यांत पाठ आहेत. पण त्यांच्यापैकी एकालाही वीर्य बाहेर पडताना दुखलं का, हे मला कधी कळलेलं नाही. कारण आमच्या अर्जावर तसा रकाना नाही. नाव, वय, किती दिवसांचा संयम, डबी किती वाजता भरली, काही सांडलं का. सांडलं का हे विचारतात. दुखलं का हे विचारत नाहीत.

मला दुखत होतं. चार महिने.

पहिल्यांदा वाटलं, लचक भरली. असल्या जागी लचक भरते का, याचा मी दोन दिवस गंभीरपणे विचार केला. मग परत तेच. ज्या टोकाला माणूस सगळं जग विसरतो, नेमक्या त्याच टोकाला मला कोणीतरी कशाची तरी आठवण करून द्यायचं. अंडकोषांच्या मागे, गुदद्वाराच्या पुढे, जिथे सायकलचं सीट टेकतं, तिथून एक तापलेली तार निघायची आणि सरळ लिंगाच्या टोकापर्यंत जायची. तार विझली की त्या जागी कोणीतरी दोन तास मूठ आवळून बसायचं. तिसऱ्या महिन्यात एकदा रंग चहासारखा आला. जुनं रक्त. मी इतरांच्या डब्यांवर तसं कितीदा तरी लिहिलंय: "रंग: तपकिरी." किती सोपं असतं लिहायला.

सामान्य माणूस घाबरतो तेव्हा नुसता घाबरतो. लॅबवाल्याच्या भीतीला संदर्भग्रंथ असतात. प्रोस्टेटची सूज. जंतुसंसर्ग. वीर्यकोशाची सूज. खडा. नळी बंद. मनावरच्या काही गोळ्यांचा परिणाम. आणि सगळ्यात खाली एक शब्द, जो मी नेहमी अंगठ्याने झाकून यादी वाचायचो. अंगठा गेल्या चार महिन्यांत थोडा रुंद झाला असावा.

घरी सांगितलं का? नाही. घरी मी कारणं सांगितली.

माझी बायको गाडी शिकवते. शिकाऊ माणूस स्टीअरिंगला आणि ही शेजारी. हिच्या पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक. त्यामुळे समोरचा माणूस थापा मारतोय हे तिला त्याच्या गुडघ्यांवरून कळतं. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि वर्षभर आम्ही मुलासाठी प्रयत्न करत होतो. म्हणजे आठ महिने करत होतो आणि चार महिने मी करत नव्हतो.

"आज काय दुखतंय?" तिने रविवारी दुपारी विचारलं होतं.

"डावा खांदा."

"गेल्या वेळी गुडघा होता."

"वर सरकलंय."

"वर सरकत सरकत डोक्यात गेलं की सांग, मग आपण बोलू." ती उठली, दाराशी थांबली. "दुसरी कोणी असेल तर सरळ सांग. मी आरडाओरडा करणार नाही. फक्त गाडीची चावी तुला परत मिळणार नाही."

"अगं, काहीतरीच काय!"

"मग मूल नकोय का तुला?"

हवं होतं. इतकं हवं होतं की दुखणाऱ्या जागेचं नाव घेतलं तर ते मूल ऐकेल आणि यायचं रद्द करेल, असं मला वाटायचं. मी खांदा चोळला. तोही चुकीचा चोळला, कारण मघाशी डावा सांगितला होता.

मग मी स्वतःची तपासणी का केली नाही? माझ्या हाताशी सूक्ष्मदर्शक होता, रसायनं होती, आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रश्न होता. एकच अडचण होती. आमच्या लॅबच्या प्रमुख म्हणजे माझी मावससासू.

बायकोची सख्खी मावशी. तिनेच मला नोकरीला लावलं, आणि वर्षभराने भाचीशी गाठ घालून दिली. लॅबमध्ये मी तिला मॅडम म्हणतो, घरी मावशी. लॅबमध्ये ती मला "अरे" म्हणते, घरी "जावईबापू", आणि दोन्हीकडे दर आठवड्याला विचारते, "काय, गोड बातमी कधी?" डोळ्यांवर दोन चष्मे, एक नाकावर आणि एक कपाळावर, आणि लॅबमधली प्रत्येक डबी तिच्या नजरेखालून जाते. माझ्या नावाची डबी तिच्या हातात पडली असती तर निकाल मला कळायच्या आत माझ्या सासूबाईंना कळला असता.

इथे मला एक कल्पना सुचली. अशी कल्पना फक्त लॅबवाल्यालाच सुचू शकते. बाकीची माणसं शहाणी असतात.

आमच्याकडे दर सोमवारी "आंधळा नमुना" तपासतात. एक ठरलेला निरोगी दाता आहे, आम्ही त्याला धावपटू म्हणतो, कारण तो आहेच धावपटू. त्याची डबी मी घेतो, तिच्यावर नाव न घालता "क" आणि आकडा लिहितो आणि इतर डब्यांत मिसळून टाकतो. त्याचे नेहमीचे आकडे बंद पाकिटात असतात. मॅडम तपासतात, मग पाकीट फोडतात. आकडे साधारण जुळले तर लॅब ठीक. नाही जुळले तर लॅब आजारी.

त्या सोमवारी धावपटू स्पर्धेसाठी परगावी गेला होता. आंधळा नमुना चुकला तर तीन पानी खुलासा लिहावा लागतो. आणि माझ्याजवळ एक नमुना होता, ज्याला नाव नको होतं.

नमुने द्यायची खोली लॅबच्या मागच्या बाजूला आहे. एक खुर्ची, एक बेसिन, भिंतीवर "कृपया झाकण घट्ट लावा" अशी पाटी आणि कोपऱ्यात प्लॅस्टिकचं झाड. त्या झाडाने जे पाहिलंय ते खऱ्या झाडाला सोसलं नसतं. मी कडी लावली. बाहेर मॅडम कोणालातरी फोनवर सांगत होत्या, "नाही हो, फ्रीजमध्ये नाही ठेवायचं, आणि जेवणाच्या डब्यातून तर मुळीच आणू नका." त्या आवाजात काही घडणं हाच मुळात वैद्यकीय चमत्कार होता. पण घडलं. आणि तार पेटली. मी बेसिन धरलं आणि ओठ चावला, कारण या खोलीतून आजवर ओरडण्याचा आवाज कधी आलेला नाही आणि मला प्रथा पाडायची नव्हती.

डबीत पाहिलं. तळ जेमतेम ओला झाला होता.

अर्जावर "संयम" या रकान्यात मी "तीन दिवस" लिहिलं. खरे एकोणीस होते. एकोणीस दिवसांची बचत, आणि एवढंच? मी चिकटपट्टीवर लिहिलं: क-१७. मग आत जाऊन ती डबी सदतीस अंशांच्या पेटीत इतरांच्या शेजारी ठेवली आणि संडासात जाऊन कमोडच्या झाकणावर बसलो. तिथेच तुम्ही मला भेटलात.

अर्ध्या तासाने मॅडमनी हाक मारली. "अरे, रजिस्टर घे. मी सांगते, तू लिही."

म्हणजे मला माझा निकाल माझ्याच हस्ताक्षरात लिहायचा होता.

तीन डब्या बऱ्या गेल्या. चौथी उचलली आणि त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावरच्या चष्म्यापुढे धरला. "हे काय? डबी भरून आणलीय की धुऊन?"

मी रजिस्टरमध्ये पुढची ओळ आखली.

"लिही. शून्य पूर्णांक सहा मिली." निदान दीड तरी हवं. "पाण्यासारखं. गोठलेलंच नाही मुळात." कागदाची पट्टी बुडवली. "सामू साडेसहा. आम्लधर्मी." हा आकडा सातच्या वर हवा.

माझं पेन चालत होतं. ते कोणाचं पेन होतं मला सांगता आलं नसतं.

मग काचपट्टी. मॅडम वाकल्या. काचपट्टी डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली, वर गेली, खाली आली. आपल्या घराच्या खिडकीत कोणी टॉर्च मारत फिरावं तसं मला झालं.

"कोणीच नाही," मॅडम म्हणाल्या.

"कोणीच म्हणजे?"

"कोणीच म्हणजे कोणीच. ओसाड. लग्नाचा हॉल आणि वऱ्हाड दुसऱ्याच गावी." त्यांनी नमुना यंत्रात गरगर फिरवून तळाला बसलेला गाळ पुन्हा पाहिला. "तळालाही नाही. पूच्या पेशी दोन-चार, त्या काही विशेष नाहीत. शुक्राणू शून्य. लिहिलंस?"

मी शून्य काढलं. इतकं गोल शून्य मी आयुष्यात काढलं नव्हतं.

"फ्रुक्टोज बघू." रसायन घालून नळी गरम पाण्यात धरली. साखर असली तर तांबूस-केशरी रंग येतो. शेजारच्या माणसाची नळी छान संध्याकाळसारखी झाली. माझी नळी जशीच्या तशी. मॅडमनी तिला हलवलं, जणू ती झोपली होती.

"निगेटिव्ह. बिचारा," असं म्हणून त्यांनी यादी पाहिली. "क-१७? हा तर आपला आंधळा नमुना!"

त्यांनी पाकीट फोडलं. पाकिटात धावपटू होता. तीन पूर्णांक दोन मिली, कोट्यवधी शुक्राणू, बहुतेक सगळे पळणारे. मॅडमनी पाकीट पाहिलं, रजिस्टर पाहिलं, मग छताकडे पाहिलं.

"लॅब बिघडली," त्या म्हणाल्या.

पुढचे तीन दिवस माझ्या एका डबीची चौकशी झाली. आधी रसायनाची बाटली पकडली आणि तिला निलंबित केलं. नवी बाटली आली, ती निर्दोष ठरली. मग सदतीस अंशांच्या पेटीत तीन थर्मामीटर बसवले, ते आपसांत सहमत होते. सामूच्या पट्ट्यांना लिंबाचा रस पाजला, त्यांनी लगेच ओळखला. सूक्ष्मदर्शकाचा इंजिनीअर आला. त्याने भिंगं पुसली, चहा घेतला आणि लेखी दिलं की "यंत्र जे आहे ते दाखवत आहे, जे नाही ते दाखवण्याची सोय या मॉडेलमध्ये नाही."

मला हसू यायला हवं होतं. पण चौकशी जशी पुढे जात होती तसा मी एकेका आशेला मुकत होतो. मला मनातून हवं होतं की रसायन शिळं निघावं. भिंगावर बुरशी निघावी. पेटी थंड पडलेली निघावी. लॅबमधली एक एक वस्तू निर्दोष सुटत होती आणि शेवटी आरोपीच्या पिंजऱ्यात मी एकटा उरत होतो.

शिवाय चौकशी संपेपर्यंत त्या आठवड्याचे सगळे अहवाल रोखून धरले होते. चौदा जोडपी. बाहेर बाकावर एक शिक्षक बायकोला घेऊन रोज यायचा. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "साहेब, काही वाईट आहे म्हणून देत नाही का?" त्याचे ओठ कोरडे होते. मी म्हटलं, "नाही हो, तांत्रिक अडचण आहे." तांत्रिक अडचण त्याच्यासमोर पांढरा कोट घालून उभी होती.

गुरुवारी मॅडमनी मला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"लॅब ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे नमुना खरा. म्हणजे त्या धावपटूचंच काहीतरी झालंय."

"हं."

"हं काय? विचार कर. पाणी कमी, आम्लधर्मी, गोठत नाही, साखर नाही, शुक्राणू नाहीत. वीर्याचा मोठा हिस्सा येतो वीर्यकोशातून, आणि साखर तिथलीच. ते पाणी बाहेरच येत नाहीये. आलंय ते नुसतं प्रोस्टेटचं, ते आम्ल असतं. म्हणजे शेवटच्या टप्प्यात दोन्ही नळ्या तुंबल्यात, नाहीतर जन्मापासून नळ्याच नाहीत. पण याचे जुने आकडे चांगले आहेत, म्हणजे तुंबल्यात. नुसती प्रोस्टेटची सूज असती तर पूच्या पेशी जास्त दिसल्या असत्या. तरी सूजही बघायला हवी, तीच जास्त आढळते."

"कॅन्सर?" मी विचारलं. अंगठा सुटला होता.

"तो तरणाताठा पोरगा आहे, त्याला कशाला घालतोस एवढ्या लांब? पण डॉक्टरला दाखवल्याशिवाय मी कोण सांगणार? वेळेत दाखवलं तर वाट मोकळी करता येते. लपवत बसला तर मागे ताण येत राहतो, जंतू धरतो, आणि बायको-पोरांचं काय ते…" त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. "लाव त्याला. आणि एक नक्की विचार. अर्जावर नसतं, पण विचार. बाहेर पडताना दुखतं का?"

"हो," मी म्हणालो.

"हो काय, विचार ना."

"विचारलं."

"कधी?"

"आत्ता."

मॅडमनी नाकावरचा चष्मा काढला. मग कपाळावरचाही काढला. दोन्ही चष्म्यांशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. डोळे बायकोसारखे होते.



"कधीपासून?"

"चार महिने."

"रक्त?"

"एकदा."

"संयम तीन दिवस लिहिलंयस."

"एकोणीस."

"एकोणीस!" त्या उभ्या राहिल्या, परत बसल्या. "अरे गाढवा." मग आवाज एकदम घरातला झाला. "जावईबापू, माझ्या भाचीला माहितेय?"

"नाही, मावशी."

"तिला वाटतंय तुझं बाहेर काहीतरी आहे. माझ्याकडे येऊन रडली होती परवा. मी तिला म्हटलं, त्याच्यात तेवढी धमक नाही. चांगल्या अर्थाने म्हटलं." त्यांनी नाक पुसलं आणि रजिस्टर ओढलं. क-१७ पुढे लिहिलं: "नमुना निरोगी नाही. लॅब निरोगी." सही केली. "चौदा अहवाल आत्ता सोड. आणि मग जा घरी. मी कुणाला काही सांगणार नाही. तुझ्या सासूलासुद्धा नाही. बघतोस काय, बहिणीपासून लपवलेलं हे माझं पहिलं गुपित आहे, मला त्रास होतोय."

शिक्षकाला अहवाल दिला. चांगला होता. त्याने माझे दोन्ही हात धरले. मीही त्याचे सोडले नाहीत, त्याला वाटलं, मीही आनंदलोय.

बायको गाडी घेऊन ग्राउंडवर होती, शिकाऊंना अरुंद वळण शिकवण्यासाठी लाल शंकू मांडत. मी थेट जाऊन गाडीत शिकाऊच्या सीटवर बसलो. ती शेजारी बसली.

"काय आज इकडे? खांदा बरा आहे?"

"गाडी चालू करू?"

"कर. सरळ जा, शंकू पाडू नकोस."

स्टीअरिंग हातात असलं की माणसाला समोर पाहावं लागतं. मी समोर पाहत सगळं सांगितलं. कुठे दुखतं, कधी दुखतं, किती वेळ. डबीचं सांगितलं. शून्याचं सांगितलं. त्या शून्याशी येईपर्यंत मी दोन शंकू पाडले होते. मग गाडी गचकन थांबली. मी ब्रेक दाबला नव्हता.

"दुसरी कोणी नाही?"

"कोणी नाही. नळी आहे."

"चार महिने मी आरशात बघत होते," ती म्हणाली. "म्हणजे माझ्यात काय कमी आहे ते शोधत. आणि तू आपला खांदा चोळतोयस?" तिने माझ्या खांद्यावर एक जोरदार ठोसा मारला. उजव्या. मग डाव्यावर दुसरा, हिशेब राहू नये म्हणून. मग तिथेच कपाळ टेकवलं.

"मूल होणारच नाही का?" तिने माझ्या कोटात विचारलं.

"माहीत नाही."

"तुला काही होणार नाही ना?"

"तेही माहीत नाही."

तिचा पाय ब्रेकवरच होता. बराच वेळ तिने तो काढला नाही. काढला असता तरी गाडी हलली नसती, इंजिन कधीच बंद पडलं होतं.

मूत्ररोगतज्ज्ञ म्हणजे एक बारीक, शांत गृहस्थ. माझ्याकडे येऊन गेलेले हजारो पुरुष ज्यांच्याकडे जायला घाबरतात ते हे. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दुखतं कधी, बाहेर पडतानाच की नंतर?" मला रडूच आलं. कोणीतरी रकाना आखला होता.

मग प्रश्न आले. लघवीला जळजळ? ताप? पूर्वी हर्निया वगैरेचं ऑपरेशन? मनावरच्या गोळ्या? सगळ्याला नाही. त्यांनी अंडकोषांच्या पिशवीतल्या वीर्यनळ्या चाचपल्या. "दोन्ही आहेत," म्हणाले. आपल्याला काहीतरी जोडीने आहे हे ऐकून मला बरं वाटलं. मग हातमोजा. कुशीवर वळायला सांगितलं आणि बोटाने आतून प्रोस्टेट तपासलं. त्या वेळी मी छताचे चौकोन मोजले. अठ्ठावीस.

प्रोस्टेट दाबण्याआधीची लघवी आणि नंतरची लघवी, दोन्ही तपासायला गेल्या. जंतू नाहीत, सूज विशेष नाही. हार्मोन ठीक. वीर्य पुन्हा तपासलं, या वेळी दुसऱ्या लॅबमध्ये, माझ्या नावाने, तेच शून्य. वीर्य दिल्यानंतरच्या लघवीतही शुक्राणू नाहीत, म्हणजे ते उलटे मूत्राशयात जात नव्हते. प्रत्येक अहवाल येईपर्यंत दोन दिवस, आणि ते दोन दिवस मी बाकावरच्या शिक्षकासारखा कोरडे ओठ घेऊन जगलो. बायको रोज विचारायची, "आज काय?" मी म्हणायचो, "आज ते नाहीये." आम्ही एक एक आजार असा ओवाळून टाकत होतो, पण तो सगळ्यात खालचा शब्द ताटात तसाच.

शेवटी गुदद्वारातून सोनोग्राफी. पडद्यावर राखाडी ढग. डॉक्टर एका काळ्या वाटाण्यावर थांबले. बायकोने माझं मनगट धरलं, तेही हँडब्रेक ओढल्यासारखं.

"ही पाण्याची पिशवी आहे," ते म्हणाले. "प्रोस्टेटच्या मधोमध. जन्मापासून असावी, हळूहळू फुगली. तिच्यात हा पांढरा ठिपका, खडा. दोन्ही वीर्यनळ्या तिच्या दोन बाजूंनी येतात आणि इथे मूत्रमार्गात उघडतात. पिशवीने दोन्ही दाबल्यात. मागे वीर्यकोश बघा, फुगलेत. बाहेर ढकलायची वेळ आली की ते सगळ्या ताकदीने आवळतात आणि दार बंद. म्हणून ती तार."

"कॅन्सर?"

"तसं काही दिसत नाही. वयही नाही, रूपही नाही."

मी अंगठा बघितला. तो पुन्हा अंगठ्याएवढा झाला होता.

पण भीतीची गंमत म्हणजे ती रिकामी जागा सोडत नाही. डॉक्टरांनी ऑपरेशन समजावलं. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून पिशवीचं छत कापायचं, नळ्यांची तोंडं मोकळी करायची. बाहेरून टाका नाही. मग धोके. रक्त. तोंडं व्रणाने पुन्हा बंद होऊ शकतात. लघवी उलटी नळ्यांत शिरू शकते, मग वीर्य पाण्यासारखं, अंडकोषाला सूज. शुक्राणू येतील असं वचन नाही, बऱ्याच जणांना येतात, सगळ्यांना नाही. दुखणं जायची शक्यता मात्र चांगली.

"नाही आले तर?" बायकोने विचारलं.

"तर सुईने काढायचे मार्ग आहेत. तेव्हाचं तेव्हा."

संमतिपत्र चार पानांचं होतं. त्यात "दुखेल का" असा रकाना होता. मी सही केली. मला टेबलावर नेलं तेव्हा बायको दारापर्यंत शेजारून चालली, उजवा पाय किंचित पुढे ठेवून, जणू कुठेतरी एक ब्रेक असणारच.

तर असा तो दगड. मी सुरुवातीला नाकारलेला.

सहा आठवड्यांनी मी आमच्याच लॅबमध्ये, माझ्याच नावाने अर्ज भरला. प्लॅस्टिकच्या झाडाने मला ओळखलं असावं. बाहेर बायको गाडीत बसून होती. मी बेसिन आधीच धरून ठेवलं, ओठ चावायच्या तयारीत, डोळे घट्ट मिटून, आणि तार पेटायची वाट पाहत राहिलो.

पेटली नाही.

मी तसाच उभा. आता पेटेल, मग पेटेल. घड्याळात दहा मिनिटं झाली. मूठही आली नाही. डबीत पाहिलं, दोन मिलीच्या आसपास असावं. मी कृपया झाकण घट्ट लावलं.

नातेवाइकाचा नमुना तपासायचा नाही असा नियम मॅडमनीच केलेला. म्हणून डबी सहकाऱ्याने घेतली. पण सूक्ष्मदर्शकावर त्याला शिंक आली आणि मॅडम "जरा बघू, भिंग नीट आहे का" म्हणत वाकल्या. बराच वेळ वाकलेल्या. मी शेजारी रजिस्टर घेऊन उभा, पेन कोणाचं ते परत विसरलेला.

"फार नाहीत," त्या भिंगातूनच म्हणाल्या. "मोजके आहेत. पण पळतायत, जावईबापू. त्यांना कुठेतरी वेळेवर पोचायचंय."

मी धावत खाली गेलो, गाडीची काच वाजवली आणि बायकोला बोटांनी "मोजके" दाखवलं. तिला कळलं नाही, तरी तिने हॉर्न वाजवला.

परत वर येऊन अर्ज पूर्ण करायला बसलो. नाव, वय, संयम चार दिवस (खरे), वेळ दहा वाजून पाच मिनिटं, काही सांडलं का: नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लिहायला कागदावर जागाच नव्हती. समासात लिहिली तर अर्ज रद्द होतो, हा नियमही मॅडमचाच. म्हणून वेगळा कागद घेतला आणि लॅबच्या गुणवत्ता समितीच्या सचिवांना, म्हणजे मॅडमनाच, लिहिलं.

प्रति,
मा. सचिव, गुणवत्ता समिती.

विषय: नमुना अर्जात एक रकाना वाढवणेबाबत.

महोदया,

सदर अर्जात "काही सांडलं का?" या रकान्याखाली "दुखलं का?" असा रकाना घालण्यात यावा. त्यामुळे अर्ज एका पानाऐवजी सव्वा पानाचा होईल, आणि सव्वा पानाचा कोणताही अर्ज समिती मान्य करत नाही, याची अर्जदारास कल्पना आहे. तरी सदर रकाना मागील तारखेपासून लागू करून, क-१७ या नमुन्याच्या पुढे "हो" आणि आजच्या नमुन्याच्या पुढे "नाही" असे लिहिण्याची, व तो "नाही" थोडा मोठ्या अक्षरात काढण्याची परवानगी अर्जदारास मिळावी, ही नम्र विनंती.